गिरणी कामगाराचा निर्देशांक, गुत्तेदाराचे बिल

नांदेड किंवा लातूरच्या सार्वजनिक बांधकाम विभागात दोन-अडीच वर्षे चालणाऱ्या रस्त्याचे किंवा पुलाचे भाववाढीचे बिल तपासायला घेतले, तर त्यात पहिला घटक मजुरीचा असतो. गंमत अशी, की त्या कामावरच्या मजुराला प्रत्यक्षात किती रोज दिला, हे त्या बिलात कुणीच विचारत नाही. तिथे एक आकडा लागतो तो कामगार आयुक्तांच्या ‘लेबर गॅझेट’मधला, औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचा. राज्याच्या निर्देशांक केंद्रांमध्ये नांदेडचे नाव आहे, कारण नांदेड हे गिरणीचे गाव होते. निजामाच्या काळात उभी राहिलेली उस्मानशाही मिल कधीच बंद पडली. पण कामगाराच्या घरातल्या ज्वारी, तेल, कापड आणि घरभाड्यावरून महागाई मोजण्याची रीत मागे राहिली. करारात ‘केंद्र’ या शब्दापुढच्या मोकळ्या जागेत नांदेड लिहिलेले असेल, तर लोह्याच्या घाटात खडी पसरणाऱ्या गुत्तेदाराचे पैसे त्या हिशोबावर ठरतात.

सळईचा भाव वाढला म्हणजे सळईच्या दुकानाचे बिल जोडायचे आणि फरक मागायचा, अशी भाववाढीच्या कलमाबद्दल सर्वसाधारण समजूत असते. कलम तसे चालत नाही आणि तसे चालावे म्हणून ते जन्मालाही आलेले नाही. भाववाढीचे किती ओझे सरकारने घ्यायचे आणि किती गुत्तेदाराने, याची ती आधीच ठरवून ठेवलेली वाटणी आहे. ही वाटणी कुठून आली, ते पाहिले की बिलात चुका कुठे होतात तेही कळते.

कायद्याचा जुना नकार

करारात काहीच लिहिले नसेल तर काय, याचे उत्तर न्यायालयांनी फार पूर्वीच दिले आहे आणि ते कठोर आहे. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर डेव्हिस काँट्रॅक्टर्स या कंपनीने फेअरहॅमच्या नगर परिषदेसाठी ७८ घरे आठ महिन्यांत बांधण्याचे काम ठरलेल्या किमतीला घेतले. मजूर आणि साहित्य मिळेना, आणि काम २२ महिन्यांवर गेले. खर्च फुगल्यामुळे जुना करार संपला असे माना आणि झालेल्या कामाचा वाजवी मोबदला द्या, असे कंपनीचे म्हणणे होते. १९५६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते फेटाळले. काम अपेक्षेपेक्षा महाग पडले म्हणून करार मोडत नाही, हे त्याचे सार.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये अलोपी प्रसाद प्रकरणात हीच भूमिका घेतली. तिथे वस्तू होती लष्कराला पुरवायचे तूप. १९३७ च्या कराराने ठरलेला मोबदला महायुद्धाच्या काळात अपुरा झाला, म्हणून पुरवठादाराने अधिक रक्कम मागितली. न्यायालयाने सांगितले, की भाव अनपेक्षितपणे चढले किंवा उतरले एवढ्याने करारातून सुटका होत नाही. लिहिलेला दर दोघांनाही बांधून ठेवतो.

म्हणजे भाववाढ मिळणे हा गुत्तेदाराचा नैसर्गिक हक्क नाही. ती मिळते ती करारात कलम आहे म्हणून आणि कलमात आहे तेवढीच. पुढे १९८९ मध्ये पी. एम. पॉल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने थोडी वाट मोकळी केली. उशीर सरकारच्या बाजूने झाला असेल, तर त्या काळातल्या भाववाढीची भरपाई लवादाला देता येते, असे त्यात ठरले. पण तिथेही आधार होता तो दुसऱ्या बाजूच्या चुकीचा, नुसत्या महागाईचा नव्हता.

आकड्याला दर बांधण्याची कल्पना

दराला आकड्याशी बांधण्याची कल्पना बांधकामाच्या जगातली नव्हे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात चलनाची किंमत कोसळली, तेव्हा मॅसॅच्युसेट्स राज्याने १७८० मध्ये सैनिकांना दिलेल्या रोख्यांची परतफेड मका, गोमांस, लोकर आणि चामडे या चार वस्तूंच्या ठरावीक मापांच्या एकत्रित किमतीशी जोडली. सैनिकाने त्या वस्तू खरेच घेतल्या की नाही, याचा प्रश्न नव्हता. मोजमाप म्हणून त्या वस्तू होत्या, एवढेच.

आपल्याकडे हे मोजमाप गिरण्यांतून आले. मुंबई सरकारने १९२१ मध्ये लेबर ऑफिस उघडले आणि त्याच वर्षी ‘लेबर गॅझेट’ सुरू झाले. जुलै १९१४ चे भाव शंभर धरून मुंबईच्या कामगाराच्या राहणीचा खर्च त्यात दर महिन्याला छापला जाऊ लागला. संप, वेतनाचे तंटे आणि पुढे महागाई भत्ता यांसाठी मालक व कामगार दोघांनाही मान्य होईल असा तिसऱ्याचा आकडा हवा होता. घाऊक किमतींचा निर्देशांक महायुद्धाच्या काळात आला. भारत सरकारच्या आर्थिक सल्लागारांच्या कार्यालयाने तो १९४२ मध्ये सुरू केला. पाया होता ऑगस्ट १९३९ मधल्या एका आठवड्याचा आणि वस्तू होत्या २३.

या दोन्ही आकड्यांचा एक गुण बांधकाम खात्याला पुढे फार उपयोगी पडला. ते छापील होते आणि दोन्ही पक्षांपैकी कुणालाही त्यांना हात लावता येत नव्हता. गुत्तेदाराने आणलेल्या पावतीवर वाद घालता येतो, गॅझेटच्या आकड्यावर येत नाही.

भांडारातले सिमेंट

मराठवाडा १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आज इथल्या निविदा ज्या बी-१ आणि बी-२ नमुन्यांत निघतात, ते मुंबई इलाख्याच्या परंपरेतले. बी-१ म्हणजे अंदाजपत्रकीय दरापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी, एवढेच भरायचे. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर गुत्तेदार स्वतः भरतो. या नमुन्यांना ‘अनुसूची अ’ नावाचे एक परिशिष्ट असते. खात्याच्या भांडारातून कोणते साहित्य दिले जाईल आणि ते कोणत्या दराने बिलातून वजा होईल, याची ती यादी.

आजच्या कलमाचा खरा पूर्वज ही यादीच आहे. सिमेंट आणि पोलाद नियंत्रणाखाली होते, परवान्याशिवाय मिळत नव्हते. खाते ते स्वतः मिळवून गुत्तेदाराला ठरावीक दराने देत असे. बाजारात भाव काहीही होवो, गुत्तेदाराच्या बिलातून वजा होणारा दर तोच राही. त्यामुळे या दोन वस्तूंच्या भाववाढीचे ओझे आपोआप सरकारवर पडे आणि वेगळ्या कलमाची गरज फारशी भासत नसे. त्रास होता तो दुसराच. भांडारात माल नसला की काम बंद, आणि माल असला की त्याला पाय फुटण्याची भीती. सिमेंटच्या कोट्याला काय मोल होते ते महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. सिमेंट वाटपाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल गेल्यावर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पायउतार व्हावे लागले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठले, १९८९ मध्ये पूर्ण उठले आणि १९९२ मध्ये पोलादही मोकळे झाले. आता सिमेंट चंद्रपूरकडून आणि सळई जालन्याच्या कारखान्यांतून गुत्तेदारानेच आणायची होती. भांडाराचा ठरावीक दर गेला, पण त्याचे काम करणारा एक आकडा निविदेत राहिला. त्याला खात्यात ‘स्टार रेट’ म्हणतात. सिमेंट, सळई, डांबर, लोखंडी पाइप यांचा निविदेच्या वेळचा मूळ दर त्यात लिहिलेला असतो आणि पुढचा फरक त्यापासून मोजला जातो. जुन्या यादीत माल सरकार देत होते. आता सरकार फक्त फरक देते, तोही निर्देशांकाने मोजून.

सूत्र आणि एक तिमाही

आजचे कलम तीन मुख्य भागांवर उभे आहे. मजुरी, इतर साहित्य आणि इंधन-वंगण या तिघांचे टक्के निविदेतच दिलेले असतात आणि त्यांची बेरीज शंभर होते. मजुरीला कामगारांचा निर्देशांक लागतो, साहित्याला सर्व वस्तूंचा घाऊक निर्देशांक आणि इंधनाला डिझेलचा सरासरी दर. सिमेंट, पोलाद आणि डांबर यांचा हिशोब वेगळा होतो. निविदा स्वीकारण्याची शेवटची तारीख ज्या महिन्यात येते, त्याच्या आधीच्या तिमाहीची सरासरी हा पाया. त्यानंतर काम चालू असेपर्यंत दर तिमाहीला नवी सरासरी काढून तुलना करायची.

एक मानलेले उदाहरण घेऊ. अहमदपूर तालुक्यात २४ महिन्यांचे रस्त्याचे काम आहे. एका तिमाहीत दोन कोटींचे काम मोजमाप पुस्तिकेत नोंदले गेले. त्यात ५०० टन सिमेंट लागले, स्टार रेट ६,००० रुपये. ६० टन सळई, स्टार रेट ५०,०००. आणि १०० टन डांबर, स्टार रेट ४०,०००. स्टार रेटने या तिघांची किंमत ३०, ३० आणि ४० लाख, एकूण एक कोटी. ही रक्कम आधी वजा करायची. उरलेल्या एक कोटीवर पहिल्या तीन घटकांचा हिशोब होतो.

निविदेत मजुरीला २५, साहित्याला ६० आणि इंधनाला १५ टक्के दिले आहेत. पायाच्या तिमाहीपासून कामगारांचा निर्देशांक ८ टक्क्यांनी, घाऊक निर्देशांक ५ टक्क्यांनी आणि डिझेल १० टक्क्यांनी वाढले आहे असे धरू. सूत्रात आणखी एक संख्या आहे, ०.८५. म्हणून मजुरीचे एक कोटी गुणिले ०.८५ गुणिले ०.२५ गुणिले ०.०८, म्हणजे १,७०,००० रुपये. त्याच रीतीने साहित्याचे २,५५,००० आणि इंधनाचे १,२७,५००. तिघांची बेरीज ५,५२,५००.

डांबराचा हिशोब सरळ वजाबाकीचा. रिफायनरीचा त्या तिमाहीचा सरासरी दर टनाला ५२,००० असेल, तर फरक १२,००० आणि १०० टनांचे १२ लाख. सळईला मात्र दुकानाचा भाव चालत नाही. घाऊक निर्देशांकातला पोलादाचा आकडा २० टक्के वाढला असेल, तर ५०,००० च्या २० टक्के गुणिले ६० टन, म्हणजे सहा लाख. सिमेंटचा निर्देशांक ३ टक्के उतरला असेल तर ९०,००० रुपये वजा. कलम दोन्ही बाजूंनी चालते. भाव उतरला की वसुली होते. सगळे मिळून त्या तिमाहीची भाववाढ २२,६२,५०० रुपये.

आता याच गुत्तेदाराने सळई प्रत्यक्षात ६४,००० रुपये टनाने घेतली होती असे धरा. त्याच्या खिशातून जास्तीचे ८,४०,००० गेले, हाती आले सहा लाख. उरलेले २,४०,००० मागण्याची सोय कलमात नाही. सूत्रात न बसणारी वाढ किंवा घट मूळ दरात धरली आहे असे मानले जाईल, हे कलमातच लिहिलेले असते. निर्देशांक देशभराच्या किमतींची सरासरी सांगतो. जालन्यात त्या आठवड्यात काय भाव होता, ते नाही. उलट त्याने हुशारीने माल आधी ५६,००० ने घेऊन ठेवला असता, तरी त्याला सहा लाखच मिळाले असते आणि त्यातले २,४०,००० त्याचे झाले असते. ०.८५ चेही तसेच आहे. उरलेले १५ टक्के ओझे गुत्तेदाराचे, हे निविदा भरतानाच मान्य केलेले असते. शहाणा गुत्तेदार ते मूळ दरातच धरतो.

राष्ट्रीय महामार्गांच्या करारांत पाककृती बदलते, तत्त्व बदलत नाही. हायब्रिड ॲन्युइटीच्या करारात किंमत ज्या मिश्र निर्देशांकाशी बांधतात, त्यात ७० टक्के वाटा घाऊक निर्देशांकाचा आणि ३० टक्के औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाचा असतो.

बिल कुठे फसते

भाववाढीचे बिल कामाच्या चालू बिलाबरोबर येत नाही, मागून येते, कारण निर्देशांक प्रसिद्ध व्हायला वेळ लागतो आणि घाऊक निर्देशांक आधी तात्पुरता, मग अंतिम येतो. ते तिमाहीवार तक्त्यासह शाखा अभियंत्याकडून उपअभियंत्याकडे, तिथून विभागीय कार्यालयात लेखापालाच्या टेबलावर जाते. तिथे अडकण्याची कारणे थोडी आणि ठरलेली आहेत.

पहिले कारण दुहेरी हिशोबाचे. स्टार रेटच्या साहित्याची किंमत वजा न करता पूर्ण दोन कोटींवर मजुरी-साहित्य-इंधन लावले, तर आपल्या उदाहरणात ५,५२,५०० चे ११,०५,००० होतात. लेखापाल हे पहिल्या नजरेत पकडतो, कारण तक्त्यात वजावटीचा रकानाच रिकामा दिसतो.

दुसरे कारण पायाच्या वर्षाचे. निर्देशांकाचे पायाभूत वर्ष मध्येच बदलते. घाऊक निर्देशांक २००४-०५ वरून २०११-१२ वर आला, तेव्हा सर्व वस्तूंसाठी जोड-गुणक १.५६१ ठरला. जुन्या मालिकेतला पाया आणि नव्या मालिकेतला चालू आकडा गुणकाशिवाय शेजारी ठेवला, तर महागाईच्या काळातही बिल उणे निघते. बाजार चढा असताना उणे बिल आले, की आधी मालिका तपासावी.

तिसरे कारण तारखांचे, आणि सगळ्यांत मोठे नुकसान इथेच होते. काम मार्चमध्ये झाले आणि मोजमाप जुलैत नोंदले, तर कोणत्या तिमाहीचा निर्देशांक लावायचा यावर वाद उभा राहतो. मुदतवाढीचेही तसेच. भूसंपादन, विजेचे खांब किंवा वनखात्याची परवानगी अडल्याने मिळालेल्या वाढीव मुदतीत भाववाढ चालू राहते. पण उशीर गुत्तेदाराचा ठरून दंड लागला, तर दंडाच्या तारखेला निर्देशांक गोठतात आणि पुढचे सगळे काम त्याच आकड्यावर मोजले जाते. म्हणून मुदतवाढीच्या पत्रात कारण काय लिहिले आहे, ते पत्र मिळाल्याच दिवशी वाचायला हवे. नुसते ‘विनंतीनुसार मुदतवाढ’ असे पत्र भाववाढीच्या बिलाला टेकू देत नाही.

चौथी गोष्ट कलमाच्या बाहेरची. निविदेत नसलेल्या जादा बाबी आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडचे वाढीव परिमाण यांना भाववाढ लागत नाही, कारण त्यांचे दर चालू दरसूचीवरून नव्याने ठरतात. त्यांची रक्कम तिमाहीच्या आकड्यात मिसळली, की संपूर्ण बिल परत येते.

वाढीव दराचे बीजक

भाववाढ मंजूर झाली म्हणजे कराचा प्रश्न सुरू होतो, आणि या प्रश्नाचा एक टप्पा मराठवाड्यातच घडला. औरंगाबादच्या रुचा इंजिनिअरिंग या कंपनीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने असे धरले होते, की मालाची किंमत नंतर वाढून फरकाचा अबकारी कर भरला, तर त्यावर व्याज लागत नाही. पुण्याच्या एस.के.एफ. इंडियाच्या प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मत मान्य केले नाही. वाढीव किंमत मागच्या तारखेपासून लागू होत असेल, तर करही त्या दिवशीच कमी भरला गेला, म्हणून व्याज द्यावे लागेल. रेल्वेला रूळ पुरवणाऱ्या पोलाद प्राधिकरणाच्या करारात भाववाढीचे कलम होते. तिथेही २०१९ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने हीच भूमिका कायम ठेवली. ज्या कलमाने पुरवठादाराला जास्त पैसे दिले, त्याच कलमाने मागच्या तारखेपासूनचे व्याज त्याच्यावर लादले.

वस्तू व सेवा कराच्या राजवटीत भाववाढ ही मूळ मोबदल्याचाच भाग मानली जाते. मूळ बीजक आधीच दिले असेल, तर फरकासाठी कायद्याच्या कलम ३४ खाली डेबिट नोट काढतात आणि ती ज्या महिन्यात काढली त्या महिन्याच्या विवरणपत्रात दाखवतात. २०१९ पासून अनेक बीजकांसाठी एकच डेबिट नोट चालते, त्यामुळे एका तिमाहीच्या सगळ्या चालू बिलांचा फरक एकत्र घेता येतो. मात्र मूळ बीजकांचे क्रमांक आणि तारखा त्यावर हव्यात. आपल्या उदाहरणात १८ टक्क्यांनी कर ४,०७,२५० होतो आणि डेबिट नोट २६,६९,७५० ची. सरकारी कामांवरचा दर जुलै २०२२ मध्ये १२ वरून १८ झाला. त्यामुळे त्या तारखेच्या अलीकडचे-पलीकडचे काम एकाच नोटेत कोंबणे धोक्याचे. डांबराचा मूळ आणि चालू दर दोन्ही करासह आहेत की दोन्ही कराविना, हेही आधी पाहावे. एक करासह आणि दुसरा कराविना असेल, तर फरकच खोटा निघतो.

वाटणीचा निकाल

भांडारातल्या सिमेंटच्या काळात ओझे सरकारचे होते. कलमच नसलेल्या करारात ते पूर्ण गुत्तेदाराचे असते. आजचे कलम या दोघांच्या मध्ये आहे, आणि ते कुणाच्याही खऱ्या खर्चाची भरपाई करत नाही. तसे केले असते, तर महाग खरेदी करणाऱ्याला बक्षीस मिळाले असते आणि खोट्या पावत्यांना बाजार. या अर्थाने ०.८५ आणि निर्देशांक या दोन्हींत शहाणपण आहे. अन्याय होतो तो सूत्रात नाही, वेळेत होतो. निधी नसल्याने भाववाढीचे बिल वर्षभर पडून राहिले, की सूत्राने दिलेले पैसे व्याजाने परत जातात, आणि मोठ्या गुत्तेदारापेक्षा त्याच्या हाताखालचा लहान माणूस आधी बुडतो.

म्हणून निविदा भरण्याआधी चार ओळी वाचा: केंद्र कोणते, घटकांचे टक्के किती, स्टार रेट काय आणि पायाची तिमाही कोणती. काम सुरू झाल्यावर मोजमाप त्याच तिमाहीत नोंदवून घ्या आणि मुदतवाढीच्या पत्रात उशिराचे कारण लिहवून घ्या. दुकानाच्या पावत्या आपल्या हिशोबासाठी जपून ठेवा. पैसे मिळतील ते छापील निर्देशांकाच्या आकड्यावर.